घटासमोरची शेगडी

बानूबाईंच्या घरात नवरात्रातला फुलोरा, घटावर बांधायच्या कडाकण्या, तळायचा तो घटासमोर बसूनच. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की बानूबाई म्हणायच्या, "आईला तेलाचा आवाज आईकू गेला पायजे." देवीला चुर्र झालेलं ऐकूच गेलं नाही तर आपल्यासाठी कडाकण्या तळल्यात हे तिला कळणार कसं, असा त्यांचा रोकडा सवाल.

मेंढरं होती तेव्हा ही रीत शोभायची. घट पालात बसायचा, चूल पालाच्या तोंडाशी, आणि चारी बाजूंनी वारा. पुढं मेंढरं विकली. न्हावऱ्यात ऊस आला, कांदा आला, गोठ्यात दोन जर्सी गाई आल्या, सिमेंटचं घर झालं. घरात स्वयंपाकाची खोली झाली आणि खोलीत गॅसची टाकी आली. रीत मात्र पालातून उठली ती थेट या खोलीत येऊन बसली. वाटेत तिला कुणी काही सांगितलं नाही.

खोली लहान. पूर्वेच्या कोपऱ्यात देव, त्यांच्यासमोर भुईवर घट, आणि घटाशेजारी पाटावर पितळी दिवा. नवरात्र उठेपर्यंत तो दिवा विझायचा नाही. एरवी गॅसची शेगडी ओट्यावर असायची, पण अष्टमीला ती खाली भुईवर उतरायची. भावकीची मोठी कढई ओट्यावर मावत नव्हती, आणि बसून तळलं तरच देवीसमोर तळल्यासारखं होणार. टाकी ओट्याखालून ओढून पुढं घ्यायची. नळी भुईवरनं साडीच्या काठासारखी पसरायची आणि बायका तिच्यावरून पाय टाकत ये-जा करायच्या. मागच्या दाराचा उंबरा बानूबाईंच्या मालकांनी, गेणबांनी, चांगला वीतभर उंच करून घेतला होता, परड्यातलं पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. पाणी येत नव्हतं. पण आतलं काही बाहेरही जात नव्हतं.

हे सगळं एका माणसाला दिसत होतं. ती सुषमा, बानूबाईंची सून. माहेर भीमेपलीकडं, दौंड तालुक्यातल्या खुटबावचं. तिला हे दिसण्यामागं कारण होता तिचा नवरा बिरदेव.

बिरदेव रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. कंपनीनं आग लागली तर काय करायचं याची एक तुकडी केली होती, तीत त्याचं नाव होतं. त्याला लाल टी-शर्ट मिळाला होता. खोट्या आगीची रंगीत तालीम झाली तेव्हा त्याच्या गटाला स्टीलचे डबे बक्षीस मिळाले, त्यातल्या एकात सुषमा तूरडाळ ठेवायची. तालमीच्या दिवशी घरी आला की त्याच्या अंगात साहेब शिरायचा. भाकरीचा तुकडा हातात धरून तो बायकोला आणि पोरीला शिकवायचा. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, खाली बसतो, पाण्यासारखा भुईवर पसरतो आणि कुठंतरी ठिणगी मिळेस्तोवर वाट बघतो. वास आला तर बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही, पेटतं असेल ते विझवायचं, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि माणसं बाहेर काढायची. आणि तेलाला आग लागली तर पाणी म्हंजी बॉम्ब. कढईवर झाकण टाकायचं, गॅस बंद करायचा, कढई उचलायला जायचं नाही.

"ध्यानात ऱ्हायलं का?" तो विचारायचा.

प्रगती, त्यांची पोरगी, तिसरीतली, मान हलवायची आणि पापड मागायची. सुषमा भाकरी थापत राहायची. पण त्या घरात त्याचं बोलणं कानामागं न टाकणारी ती एकटीच होती. त्याची स्वतःची गणना त्यात करायचं कारण नव्हतं. कंपनीचं शहाणपण त्यानं कंपनीच्या गेटाच्या आत ठेवलं होतं, जसे तिथले जाड बूट तिथंच कपाटात राहायचे.

एकदा हे डोक्यात बसल्यावर सुषमाला स्वतःचं स्वयंपाकघर पहिल्यासारखं दिसेना. भुईवर टाकी, भुईवर शेगडी, भुईवर उकळतं तेल, भुईवर रात्रंदिवस पेटता दिवा, आणि ते सगळं अडवून धरायला वीतभर उंबरा. यंदा तर नळीही म्हातारी झाली होती. वाकवली की तिच्यावर टाचेसारख्या भेगा दिसायच्या. तिनं बिरदेवला नळी आणायला सांगितलं. तो म्हणाला, उद्या. मग म्हणाला, पगार झाल्यावर. मग म्हणाला, अगं, कंपनीत काय काय असतं, आपली नळी म्हंजी काहीच न्हाई.

सुषमानं दुसरी वाट धरली. पितरपाटाच्या दिवसांत, धुणं वाळत घालता घालता तिनं सासूपुढं विषय काढला. "आत्याबाई, यंदा फुलोरा परड्यात चुलीवर तळू. कढईबी मावंल." बानूबाईंनी ऐकलंच नाही असं केलं. मग तिनं सुचवलं की घट बाहेरच्या खोलीत बसवू. त्यावर बानूबाईंनी हातातला चिमटा दोरीवर न लावता तसाच धरला. मग तिनं शेवटचं विचारलं, की निदान शेगडी ओट्यावरच राहू द्या, मी लहान कढईत थोड्या थोड्या तळीन, दिवसभर लागला तरी चालंल.

"तुला भ्या वाटतं व्हय गं?" बानूबाई म्हणाल्या.

"वाटतं."

"मग तर देवीसमोरच बसावं."

बानूबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. सुषमा बाळंत झाली तेव्हा त्यांनी तिला खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नव्हता. पोरगी झाली म्हणून नाक मुरडायला आलेल्या बायकांना त्यांनी चहा न देता वाटेला लावलं होतं. पण दिव्याच्या बाबतीत त्यांच्या आत एक बंद खोली होती. मेंढरांमागं पालात राहत होत्या त्या काळात, एका नवरात्रात वाऱ्यानं पालातला दिवा गेला होता. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांचा थोरला पोरगा तापानं गेला, बिरदेवच्या आधीचा. दवाखाना लांब होता, वाटेत ओढा भरला होता, हे सगळं गेणबा सांगायचे. बानूबाईंच्या लेखी त्याला कारण एकच. त्या कारणाची राखण त्या आजवर करत आल्या होत्या. नवरात्रात त्या दिव्याशेजारीच अंथरूण टाकायच्या आणि वात काजळली की झोपेतून उठायच्या. त्यांच्याशी गॅस जड असतो की हलका यावर बोलायचं म्हणजे सुषमाला आपणच उथळ वाटायला लागायचं.

शेवटी तडजोड झाली, म्हणजे सुषमानं माघार घेतली. शेगडी भुईवरच, घटासमोरच. पण तळायला ती स्वतः बसणार आणि दुसऱ्या कुणाला झारा देणार नाही. बानूबाईंना यात सुनेची भक्ती दिसली. त्या खूश झाल्या.

अष्टमीला मांडवगण फराट्याहून भावकी आली. बिरदेवनं रजा टाकली होती. तो आणि बाकी पुरुष बाहेर ओसरीवर उसाच्या तोडीचं बोलत बसले. सुषमानं सुती लुगडं नेसलं, पदर कमरेला घट्ट खोचला. प्रगतीला आजोबांजवळ पाठवून दिलं आणि आत पाय ठेवलास तर बघ असं दटावलं. कढईत तेल निम्म्याच्या वर घेतलं नाही. चुलत जाऊ सगुणा कडाकण्या लाटायला बसली होती, ती म्हणाली, "येवढं तेल तर आमच्यात भाजीला लागतं." सगळ्या हसल्या. सुषमाही हसली. तिनं कढईच्या मापाची परात उजव्या हाताशी ठेवली होती. कशाला ते कुणी विचारलं नाही.

तळण नीट झालं. देवीची वेणी, फणी, जोडवी, करंडा, सगळे आकार फुगून तरंगले. तेल जरा धुरावलं की सुषमा आच कमी करायची आणि बायका म्हणायच्या, अगं गॅस होऊ दे की मोठा, संध्याकाळ करतीस का. बानूबाई मध्येच येऊन तेलाचा आवाज ऐकून गेल्या. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. पाटावर दिवा संथ जळत होता. सुषमाची त्याच्याकडं पाठ होती, तरी तो तिला पाठीला जाणवत होता.

शेवटची कडाकणी निघाली तशी तिनं शेगडीचं बटण बंद केलं आणि टाकीवरचा रेग्युलेटर बंद करायला हात लांब केला. "ऱ्हाऊ दे गं," सगुणा म्हणाली, "अजून पुऱ्या तळायच्यात न्हवं. घडीघडी काय उघडझाक." तेही खरंच होतं. पुऱ्यांची कणीक भिजवून बाहेर ठेवली होती. ती आणायला सुषमा उठली. तेवढ्यापुरती उठली.

तेवढ्यात सगुणानं जागा केली. कागदावर निथळत ठेवलेल्या कडाकण्यांना आणखी जागा हवी होती, म्हणून तिनं शेगडी कढईसकट भिंतीकडं ढकलली, पायानं. नळी ताणली गेली. शेगडीच्या तोंडावरचं तिचं टोक आधीच सैल होतं. ते निसटलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सुषमा कणकेची परात घेऊन मागच्या दारात आली आणि थांबली. आधी वास आला. मग सापासारखा बारीक आवाज. तिनं परात तिथंच उंबऱ्याबाहेर ठेवली.

त्या क्षणी तिला भ्यायला वेळ झाला नाही, हे तिला पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. वास भुईलगत होता. दिवा पाटावर होता. दोहोंत पाटाच्या उंचीचं अंतर होतं, आणि ते भरत चाललं होतं. टाकी दिव्यापलीकडं होती. सुषमा दोन ढांगांत दिव्यापाशी गेली, खाली वाकली आणि चिमटीत वात धरून दाबली. बोटं भाजली. मग रेग्युलेटर फिरवला. आवाज थांबला.

"बाहेर हो," ती सगुणाला म्हणाली. "सगळ्यांना बाहेर काढ. लाइटीच्या बटणाला हात लावू नको, आन् कुणाला आत येऊ दिऊ नको."

सगुणा दिव्याकडं बघत होती. तिनं बाकी काही ऐकलं की नाही देव जाणे. ती बाहेरच्या खोलीकडं गेली. सुषमानं ओट्यावरची खिडकी उघडली, मागचं दार होतं ते आणखी सताड केलं. कढईला हात लावला नाही, तेल कढत होतं. रेग्युलेटर काढून टाकीला प्लॅस्टिकचं टोपण घातलं आणि टाकी उचलून, ओढून, उंबऱ्यावरनं पलीकडं परड्यात नेली. उंबऱ्याशी जरा खोळंबली. तिच्या डोक्यात एवढंच होतं, की टाकी लांब न्यायची, मग आतला भुईवरचा गॅस बाहेर जाईस्तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. उंबरा आहे, वेळ लागणार.

आणि बाहेरच्या खोलीत सवाष्णींना कुंकू लावत बसलेल्या बानूबाईंच्या कानावर सगुणा घालत होती, की सुषमानं दिवा विझवला.

गॅसचं ती बोललीच नाही. तिच्या जागी कुणीही असतं तरी आधी हेच बोललं असतं.

बानूबाई आतल्या दारानं स्वयंपाकघरात गेल्या. वास त्यांना आला असेल की नसेल, सांगता येत नाही. त्यांना दिसली ती धुरकट, काळी वात. सुषमानं टाकी गोठ्याच्या भिंतीला लावली आणि वळून बघितलं. उघड्या दारातून तिला सासू पाटासमोर गुडघे टेकलेली दिसली. हातात काडेपेटी होती.

"आत्याबाई, काडी नको," ती ओरडली. पण काडी ओढून झाली होती.

मोठा आवाज झाला नाही. कुणी जाड सतरंजी झटकावी तसा भप्प झाला आणि भुईवरनं निळी-पिवळी लाट खोलीभर धावली. धावली आणि संपलीही. पण जाताना तिनं बानूबाईंच्या लुगड्याचा काठ धरला होता आणि तेलानं भिजलेले कागद पेटवले होते. कागदांवर देवीची वेणी, फणी, जोडवी. कढईला अजून काही झालं नव्हतं.

ओसरीवरून बिरदेव धावला. वाटेत गाईंची पाण्याची बादली होती, ती त्यानं उचलली. सुषमा मागच्या दारातून आत शिरत होती, तिनं त्याच्या हातातली बादली बघितली. "पानी नको, बिरू," ती म्हणाली. चारचौघांत तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली ती आयुष्यात तेवढीच. पण समोर त्याची आई पेटत होती. लाल टी-शर्ट, गटाचं बक्षीस, भाकरी हातात धरून सांगितलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. त्यानं बादली रिकामी केली.

पाणी निम्मं आईवर पडलं आणि निम्मं कढईत.

तेल उसळून वर गेलं, पेटत्या कागदांनी ते झेललं आणि जाळ पार छताला टेकला. बानूबाई उठायच्या बेतात होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडापुढं धरले.

पुढचं सुषमानं केलं. मागच्या दाराबाहेरच्या गेणबांच्या बाजेवरची घोंगडी ओढली, काळी, जाड, लोकरीची. लोकर लवकर पेट घेत नाही. ती सासूभोवती गुंडाळून तिनं त्यांना खाली लोळवलं, ओढत ओसरीवर आणलं. मग परत आत जाऊन, हाताशी ठेवलेली ती परात पालथी करून बाजूनं सरकवत कढईवर घातली. कोंडलेला जाळ परातीखाली धुमसला आणि गेला. कागद तिनं ओल्या पोत्यानं दाबले. एवढं झाल्यावर बाहेर आली तर बिरदेव रिकामी बादली धरून तसाच उभा होता.

"आता आना पानी," ती म्हणाली. "आता लागंल."

तो हलला नाही. प्रगतीनं धावत जाऊन गोठ्यातली नळाची पाइप आणली. अँब्युलन्स येईपर्यंत माय-लेकी बानूबाईंच्या हातांवर, पायांवर गार पाणी सोडत बसल्या. कातडीला चिकटलेलं लुगडं ओढायला कुणीतरी पुढं झालं, त्याचा हात सुषमानं बाजूला केला. हळद घेऊन आलेलीला परत पाठवलं. बानूबाई कण्हत नव्हत्या. त्या एवढंच विचारत होत्या, की दिवा लागला का.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात सुषमा सासूपाशी राहिली. जगतील की नाही याची डॉक्टर बरेच दिवस खात्री देत नव्हते. मग देऊ लागले. हातांची मात्र दिली नाही. बोटं एकमेकांना चिकटून जुळून येतील, म्हणाले. चेहऱ्याची डावी बाजू ओढली गेली होती. सुषमा त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायला मदत करायची. मधल्या काळात गावाकडनं माणसं भेटायला यायची, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून हळू आवाजात एकच गोष्ट बोलायची. दिवा विझवला, म्हणून देवी कोपली. मांडवगणची भावकी तर हे पहिल्या दिवशीच धरून बसली होती. चहाच्या टपरीपर्यंत ते पोचलं, मग न्हावऱ्याच्या एसटी स्टँडपर्यंत. खुटबावला सुषमाच्या आईच्या कानावरही आलं. तिनं फोन करून विचारलं, "असं कसं गं केलंस?"

सुषमा एका गोष्टीची वाट बघत होती. तिला वाटत होतं, आत्याबाई नीट बोलायला लागतील तेव्हा त्या सांगतील. काडी कुणी ओढली हे जगात दोघींनाच पक्कं माहीत होतं. तिला कुणावर दोष ढकलायचा नव्हता. तिला फक्त एवढंच हवं होतं, की पुढच्या खेपेला शेगडी आणि दिवा एका भुईवर येऊ नयेत. हे बघून कळलं नाही तर मग कशानं कळणार? एवढं जळून झाल्यावर तरी तेवढं मिळावं.

बानूबाई बोलायला लागल्या तेव्हा दुपार होती. सुषमा त्यांना चमच्यानं पेज देत होती. दोन चमचे गिळून त्यांनी तोंड बाजूला केलं.

"काडी म्या लावली," त्या म्हणाल्या.

सुषमाचा चमचा तसाच राहिला.

"तू इझवला नसतास," बानूबाई म्हणाल्या, "तर म्या कशाला लावली असती?"

त्यात राग नव्हता. हिशेब मांडावा तसं त्या बोलल्या आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. सुषमानं पेज भरवली. उत्तर शोधायला तिनं सगळं आठवून बघितलं, जड गॅस, उंबरा, सैल नळी, पाट. उत्तर होतं, पण ते त्या बाईपर्यंत पोचेल अशी वाट नव्हती. त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. ती वात दाबली नसती तर काडीच ओढली गेली नसती. त्याऐवजी सगळी खोली गेली असती, सगुणा, सवाष्णी, कदाचित पोरगीही. पण जे झालंच नाही ते कुणाला कसं दाखवायचं?

बिरदेव सुट्टीच्या दिवशी यायचा. एकदा तो तिला वॉर्डाबाहेर जिन्यापाशी घेऊन गेला. किती वेळ जिन्याच्या कठड्याचा रंग नखानं काढत राहिला.

"बादलीचं कुनाला बोलली न्हाईस न्हवं?" शेवटी त्यानं विचारलं.

"न्हाई."

"कंपनीत कळलं तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "आई म्हनती, दिवा. तर दिवाच म्हनू."

सुषमानं त्याच्याकडं बघितलं. तो एवढा लहान झाला होता की त्याला रागवायला काही शिल्लक नव्हतं. तिला समजलं, की त्या घरातल्या प्रत्येकाला देवीचा कोप हवा आहे. नाहीतर आईची काडी उरते, पोराची बादली उरते, जावेचा पाय उरतो आणि ती न आणलेली नळी उरते. देवीनं ते सगळं एका झटक्यात आपल्यावर घेतलं होतं. देवीला मात्र कुठंतरी बोट दाखवायला लागतंच, आणि ते सुनेकडं वळलं होतं.

बानूबाई घरी आल्यावर भावकी बसली. मांडवगणचे ज्योतिबा आप्पा सगळ्यांत थोर, त्यांनी निवाडा केला. देवीपुढं चूक झाली ती दंडानं फिटायची नाही. आता दिवा नवरात्रापुरता नाही, बारा महिने अखंड ठेवायचा. त्याच जागी, त्याच पाटावर.

सुषमा दारात उभी होती. तिनं पदर सावरला. "आप्पा, दिवा ठिवा. पर बाहेरच्या खोलीत ठिवा. गॅस हाय आत."

"जागा देवीची हाय, आपली न्हाई," आप्पा म्हणाले.

मग ती एकदाच बोलली, सरळ. दिवा विझल्यानं काही पेटलं नाही, लावल्यानं पेटलं. गॅस भुईवर बसला होता. दिवा तिथं नसता तर विझवावा लागला नसता आणि लावावाही लागला नसता. बादलीचा शब्द तिनं काढला नाही.

गेणबा जमिनीकडं बघत होते. बिरदेव म्हणाला, "म्हंजी आता आईवर घालतीस का?" ते त्यानं तिच्याकडं न बघता म्हटलं. बानूबाई खाटेवर होत्या, पट्ट्या बांधलेले हात छातीवर. सगळ्यांनी त्या हातांकडं बघितलं, मग सुषमाकडं. त्या हातांपुढं कुठलंही खरं बोलणं वाईट दिसत होतं. सुषमाला स्वतःलाही ते वाईट दिसलं.

दिवा त्याच जागी बसला.

नवी नळी आली. गॅसवाल्या एजन्सीच्या माणसानं जुनी बघून तोंड वाकडं केलं होतं. टाकी भिंतीबाहेर ठेवून नळी आत घ्यावी, म्हणाला होता. बिरदेवनं भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, संक्रांतीनंतर. संक्रांत झाली. उंबरा फोडून खाली करावा असं सुषमानं गेणबांना विचारलं, तर ते म्हणाले, पाणी येईल गं. मग तिनं विचारणं सोडलं. शेगडी वापरून झाली की ती रेग्युलेटर बंद करायची, झोपताना पुन्हा चाचपायची, तळायचं टाळायची. सणाला भजी झाली नाहीत तरी बिरदेव जेवून उठला. फुलोरा पुढच्या वर्षी दुप्पट बांधायचा असं मात्र भावकीनं ठरवलं होतं. झारा सगुणाकडं द्यायचा, सुषमाचा हात लावून घ्यायचा नाही, हेही.

बानूबाईंची बोटं डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी जुळून आली. काडी धरता येत नव्हती, वात वळता येत नव्हती. दिव्याचं काम त्यांनी प्रगतीला दिलं. पोरीला ते आवडलं. आजीनं तिला तेल कसं घालायचं, काजळी कशी झाडायची, ते शिकवलं. आणि चुकून दिवा गेलाच तर आईला सांगायला थांबायचं नाही, आधी लावायचा, हेही.

ते सुषमानं ओट्यापाशी उभ्या उभ्या ऐकलं. ती पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी तिनं उतरवली, शेगडी बंद केली, खाली वाकून रेग्युलेटर बंद केला आणि पोरीशेजारी पाटासमोर बसली.

"काडी ओढायच्या आधी वास घ्यायचा," ती म्हणाली. "खाली वाकून. भुईला नाक लावून. वास आला तर ऱ्हाऊ दे अंधार."

प्रगतीनं आईकडं बघितलं, मग खाटेवरच्या आजीकडं.

"पोरीला भिववू नगस," बानूबाई म्हणाल्या.

प्रगती वाकली. भुईला नाक लावलं, खरंच लावलं, आणि आजीला दिसू नये म्हणून पटकन सरळ झाली. मग दिव्यात तेल घालत तिनं हळूच विचारलं, "आन् आजीनं आधी लाव म्हटलं तर?"

सुषमाला उत्तर द्यायचं होतं. तिनं तोंड उघडलं. पोरगी वाट बघत होती, खाटेवरची म्हातारीही वाट बघत होती, आणि बाहेर ओसरीवर बिरदेव बूट काढता काढता थांबला होता.

ती उठली आणि उरलेल्या पोळ्या लाटायला लागली.